पुस्तिकेत आहे, तरी बॉट चुकतो: कांद्याच्या सल्ल्याचा चॅटबॉट कसा दुरुस्त करायचा

निफाड, दिंडोरी, येवला भागातल्या शेतकरी संस्थांचे चॅटबॉट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते. संस्थेने विद्यापीठाच्या पुस्तिका, संशोधन केंद्रांची पत्रकं, सगळं नीट गोळा करून बॉटला दिलेलं असतं. तरीही सभासदाने व्हॉट्सॲपवर साधा प्रश्न विचारला की उत्तर चुकतं, किंवा येतच नाही. मग मॉडेल बदलावं का, जास्त पैशांचा प्लॅन घ्यावा का, अशी चर्चा सुरू होते. माझ्या अनुभवात दोष मॉडेलमध्ये क्वचितच निघतो, तो त्याला दिलेल्या मजकुरात असतो. म्हणून खालच्या तपासण्या बिनखर्चाच्या कामापासून सुरू केल्या आहेत. क्रम मोडू नका.

लक्षणं

पुस्तिकेच्या पानावर उत्तर स्पष्ट छापलेलं असतं आणि बॉट "माहिती उपलब्ध नाही" म्हणतो. कांद्याचं विचारलं तर भुईमुगाचं सांगतो. आकडा बरोबर येतो पण एकक बदलतं, म्हणजे हेक्टरचा आकडा एकरी म्हणून सांगितला जातो. एकच प्रश्न दोन जणांनी विचारला तर दोन वेगळी उत्तरं येतात. आणि भाषा अशी येते की शेतकरी पहिल्या ओळीतच कंटाळतो: "प्रभावी व्यवस्थापनासाठी अवलंब करणे फायदेशीर ठरू शकते." मधूनच 'खाद', 'सिंचाई', 'कीटनाशक' असे हिंदी शब्दही डोकावतात.

उदाहरण म्हणून एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवतो, कारण त्यात यातले बरेच दोष एकदम दिसतात: "उन्हाळ कांद्याला एकरी युरिया किती टाकू?" बिघडलेल्या बॉटचं यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे "एकरी १०० किलो युरिया".

पहिली तपासणी: बॉटने नेमका कोणता उतारा वाचला?

हे बघायला काहीच खर्च नाही. असा बॉट दोन टप्प्यांत काम करतो. आधी तो तुमच्या कागदांतून प्रश्नाशी जुळणारे चार-पाच उतारे शोधतो, मग त्या उताऱ्यांवरून उत्तर तयार करतो. ज्या पॅनेलवरून बॉट चालवता तिथे प्रत्येक उत्तरामागचे उतारे पाहायची सोय असते. नसेल तर ज्याने बसवून दिलं त्याच्याकडून ती चालू करून घ्या. ती सोय नसताना दुरुस्ती करणं म्हणजे मोटरचं झाकण न उघडता बिघाड शोधणं.

बघायचं एवढंच, की बरोबर उतारा त्या चार-पाचांत आला आहे का. आला असेल आणि तरीही उत्तर चुकलं असेल, तर दोष दुसऱ्या टप्प्यात आहे. मग थेट चौथ्या तपासणीवर जा. बरोबर उतारा आलाच नसेल तर दोष शोधात किंवा मूळ मजकुरात आहे, आणि बॉटला लिहून दिलेल्या सूचना कितीही बदलल्या तरी उत्तर सुधारणार नाही. बहुतेकांचा सगळा वेळ इथेच जातो. शोध बिघडलेला असतो आणि ते सूचनांमध्ये "कृपया अचूक उत्तर द्या" लिहीत बसतात.

दुसरी तपासणी: पीडीएफमधला मजकूर खरंच मराठी आहे का?

पुस्तिकेची पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. 'कांदा' हा शब्द कॉपी केला आणि समोर हे आलं, तर बॉटलाही हेच दिसतं आहे:

```
dkank
```

हे कृतिदेव आहे. युनिकोड रुळण्याआधी छापखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी असे फॉन्ट चालत. त्यात कीबोर्डच्या इंग्रजी अक्षरांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. पडद्यावर आणि कागदावर 'कांदा' दिसतो, पण फाइलमध्ये वरची इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. बॉट चित्र वाचत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. शेतीच्या जुन्या आणि चांगल्या पुस्तिकांपैकी बऱ्याच याच फॉन्टांत आहेत, त्यामुळे "माहिती उपलब्ध नाही" या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण मला इथेच सापडतं.

फाइलमध्ये कोणते फॉन्ट आहेत ते असं कळतं:

```
pdffonts pustika.pdf
```

फॉन्टचं नाव ओळखीचं असेल तर त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. नाव ओळखीचं नसेल किंवा पान स्कॅन केलेलं असेल, तर पानांची चित्रं करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या:

```
pdftoppm -r 300 -png pustika.pdf pan
tesseract pan-01.png pan-01 -l mar
```

दोन्ही वाटांनी आलेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो, विशेषतः आकडे. ओसीआरमध्ये दशांश चिन्ह गळतं आणि ०.५ चं ०५ होतं. १ आणि ९ यांची गल्लत होते. शब्द चुकला तर वाचणाऱ्याला कळतं, आकडा चुकला तर कळत नाही. म्हणून मात्रा, दिवस आणि अंतर असलेलं प्रत्येक पान एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघावं. काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा पर्याय नाही.

फॉन्ट युनिकोड असला तरी आणखी एक बारीक भानगड राहते. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण शब्दावरून होणाऱ्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच, आणि ०१२ व 012 या अंकांचंही. मजकूर साठवताना आणि प्रश्न आल्यावर, दोन्हीकडे हीच सफाई लावा:

```python
import unicodedata
def saaf(t):
    t = t.replace("र्\u200d", "ऱ्")
    t = t.replace("अ\u200dॅ", "ॲ").replace("अॅ", "ॲ")
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    return t.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
```

एकाच बाजूला लावली तर न जुळणारे शब्द वाढतील.

तिसरी तपासणी: शेतकऱ्याचा शब्द पुस्तिकेत आहे का?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. नाशिकचा शेतकरी 'उन्हाळ कांदा' म्हणतो. पुस्तिकेत त्याच पिकाला 'रब्बी कांदा' म्हटलेलं असतं. शोधाला 'उन्हाळ' दिसला की तो 'उन्हाळी हंगाम' असलेले उतारे वर आणतो, आणि कांद्याच्या प्रश्नाला उन्हाळी भुईमुगाचं खत सांगितलं जातं. खरिपाच्या पोळ कांद्याचा असाच घोळ होतो. 'डेंगळे आले', 'पीळ पडला', 'घड जिरला', 'डावणी आली' असे प्रश्न येतात, आणि पुस्तिकेत डाऊनीला 'केवडा', थ्रिप्सला 'फुलकिडे' असं छापलेलं असतं.

यावर उपाय शब्दांच्या यादीचा. डाव्या बाजूला बोलीतला शब्द, उजव्या बाजूला पुस्तिकेतला:

```
उन्हाळ कांदा = रब्बी कांदा
पोळ कांदा = खरीप कांदा
थ्रिप्स = फुलकिडे
डावणी, डाऊनी = केवडा
```

प्रश्न आला की त्यातला शब्द काढून न टाकता त्याच्या शेजारी पुस्तिकेतला शब्द जोडायचा आणि मग शोध घ्यायचा. शब्द बदलून टाकला तर उत्तरातही 'फुलकिडे' येतं आणि विचारणाऱ्याला वाटतं, मी थ्रिप्सचं विचारलं होतं. उत्तर देताना त्याचाच शब्द वापरायचा, अशी सूचना बॉटला द्या.

ही यादी ऑफिसात बसून करू नका. संस्थेच्या खत-औषधाच्या काउंटरवर जो माणूस बसतो त्याला हे सगळे शब्द पाठ असतात. त्याच्याशेजारी एक दिवस वही घेऊन बसा. बागलाण, कळवण, मालेगावकडचे सभासद असतील तर अहिराणी बोलणारा एखादा जण सोबत घ्या. सभासद बोलून प्रश्न पाठवत असतील तर आवाजावरून टाइप होताना कोणते शब्द बिघडतात तेही त्याच यादीत टाका.

त्याच वहीत काउंटरवर खरोखर विचारले गेलेले तीस-चाळीस प्रश्न आणि त्यांची कृषी अधिकाऱ्याने तपासलेली उत्तरं लिहून ठेवा. पुढे काहीही बदललं की हे सगळे प्रश्न परत विचारून बघायचे. एक दुरुस्ती करताना दुसरीकडे काय मोडलं, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

चौथी तपासणी: आकडा आणि त्याचं एकक एकाच तुकड्यात आहेत का?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश असा आकडा येतो. अर्धं नत्र लागवडीच्या वेळी, उरलेलं दोन हप्त्यांत साधारण ३० आणि ४५ दिवसांनी. छापील तक्त्यात 'किलो प्रति हेक्टर' हे शब्द वरच्या मथळ्यात असतात आणि १०० हा आकडा खाली कांद्याच्या ओळीत. साठवताना मजकुराचे तुकडे पडतात, तेव्हा मथळा एका तुकड्यात जातो आणि ओळ दुसऱ्यात. बॉटच्या हाती नुसता '१००' येतो. विचारणाऱ्याने 'एकरी' आणि 'युरिया' म्हटलेलं असतं, बॉट तेच दोन शब्द त्या आकड्याला चिकटवतो आणि "एकरी १०० किलो युरिया" तयार होतं. यात हेक्टरचं एकर झालं आणि नत्राचं युरिया झालं. दोन चुका एकमेकींना बऱ्याच काटतात, म्हणून आकडा बरा वाटतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

खरा हिशेब असा. एक हेक्टर म्हणजे जवळपास २.४७ एकर. १०० किलो नत्राला २.४७ ने भागलं की एकरी ४०.५ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एकरी ८८ किलो युरिया. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, म्हणजे दोन गोण्यांना थोडा कमी. लागवडीला एक गोणी, पुढे ३० आणि ४५ दिवसांना अर्धी-अर्धी. पण शेतकऱ्याने स्फुरदासाठी डीएपी टाकलं असेल तर हा हिशेब बदलतो. एकरी २० किलो स्फुरदासाठी ४४ किलो डीएपी लागतं, आणि त्यातूनच ८ किलो नत्र येतं. तेवढा युरिया, म्हणजे सुमारे १७ किलो, कमी करायला हवा. मग युरिया ७१ किलोच उरतो, आणि ही कपात लागवडीच्या हप्त्यातून करायची.

हा भागाकार बॉटवर सोडू नका. कधी बरोबर करेल, कधी चुकेल, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे सांगेल. तक्त्याची प्रत्येक ओळ हाताने पूर्ण वाक्यात लिहून काढा आणि एकरी आकडे आधीच काढून ठेवा:

"रब्बी कांदा (उन्हाळ कांदा), युरिया, एकरी: डीएपी टाकलं नसेल तर एकूण ८८ किलो. लागवडीला ४४ किलो, ३० दिवसांनी २२ किलो, ४५ दिवसांनी २२ किलो. डीएपी ४४ किलो टाकलं असेल तर युरिया एकूण ७१ किलो, लागवडीला २७ किलो, पुढचे दोन हप्ते तेच."

पीक, हंगाम, एकक आणि अट चारही गोष्टी या एका तुकड्यात आहेत. तो एकटाच बॉटच्या हाती आला तरी अर्थ बदलत नाही. गोण्यांतला हिशेब लिहायचा तर गोणी किती किलोची तेही लिहा. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, त्यामुळे जुन्या पत्रकातल्या 'दोन गोण्या' म्हणजे आजच्या दोन गोण्या नव्हेत.

इथेच एक निर्णय संस्थेने घ्यायचा असतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची रब्बी कांद्याची शिफारस वेगळी आहे, हेक्टरी ११०:४०:६० आणि वर गंधक. दोन्ही विश्वासाच्या संस्था आहेत. पण दोन्ही कागद बॉटकडे असले की तो नत्र एकाचं आणि स्फुरद दुसऱ्याचं घेऊन कुणीच न केलेली तिसरी शिफारस तयार करतो. दोन सभासदांना दोन उत्तरं मिळायचं कारण बहुधा हेच असतं. कृषी अधिकाऱ्याने एका पिकासाठी एक शिफारस निवडावी, दुसरी त्या बॉटमधून काढून ठेवावी, आणि उत्तराच्या शेवटी स्रोताचं नाव व वर्ष यावं.

पाचवी तपासणी: कागद जुना आहे का?

प्रत्येक कागदाला वर्ष लावा आणि औषधांची नावं असलेली पानं वेगळी करा. द्राक्षावरच्या भुरीसाठी जुन्या पुस्तिकांत डिनोकॅप सापडतं, त्यावर २०२३ साली बंदी आली. फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, एन्डोसल्फान २०११ पासून. बॉटला बंदी माहीत नसते, त्याच्यासमोर छापील वाक्य असतं आणि ते तो प्रामाणिकपणे वाचून दाखवतो. बंद औषधांच्या नावांची यादी करून, ज्या तुकड्यात असं नाव आहे तो तुकडा साठ्यातूनच काढा. 'असं औषध सुचवू नकोस' एवढ्या सूचनेवर विसंबू नका.

सहावी तपासणी: भाषा

भाषा मी मुद्दाम शेवटी ठेवतो. चुकीचं उत्तर सोप्या मराठीत दिलं तर ते जास्त लोक पाळतात, म्हणून आधी उत्तर बरोबर करायचं.

"सोप्या मराठीत लिही" असं सांगून फारसं काही होत नाही. नमुने द्यावे लागतात. पुस्तिकेतलं वाक्य आणि त्याचं बोलीतलं रूप अशा आठ-दहा जोड्या पुरतात. एक जोडी अशी:

पुस्तिका: "फुलकिड्यांच्या नियंत्रणाकरिता कांदा लागवडीपूर्वी ३० दिवस अगोदर क्षेत्राच्या सभोवती मक्याच्या दोन ओळी लावाव्यात."

बोली: "कांदा लावायच्या ३० दिवस आधी वावराच्या चारही बाजूंनी मक्याच्या दोन ओळी लावा. मका उंच झाला की बाहेरचे थ्रिप्स सहजासहजी आत येत नाहीत."

दुसऱ्या वाक्यातलं कारण पुस्तिकेत असेल तरच येऊ द्या. आणि बोलीत ३० दिवस ३० दिवसच राहिले आहेत, त्यांचं 'महिनाभर' झालेलं नाही, हे पाहा. आकडा, एकक, पिकाची अवस्था आणि अट या चार गोष्टी जशाच्या तशा ठेवायच्या, बाकीचं वाक्य मोकळं. सोपं करताना सगळ्यात आधी गळते ती अट. 'ढगाळ हवामान असल्यास' किंवा 'प्रादुर्भाव दिसल्यास' हे शब्द गेले की गरज नसलेली फवारणी होते. तपासताना मी उत्तरात आधी अट शोधतो, मग आकडा.

सूचनांत एवढं पुरतं: शेतकऱ्याला 'तुम्ही' म्हणा, वाक्यं छोटी ठेवा, 'करावे' ऐवजी 'करा' लिहा, मराठी शब्दच वापरा, खताला खत म्हणा, उताऱ्यात नसलेलं सांगू नका, आणि उतारा नसेल तर कृषी अधिकाऱ्याला फोन करायला सांगा. मग काउंटरवर आलेल्या दोघा-तिघांना उत्तर वाचायला द्या आणि विचारा, "आता वावरात जाऊन काय करणार?" त्यांनी सांगितलेला आकडा उत्तरातल्या आकड्याशी जुळला तर भाषा जमली.

कुठे थांबायचं

वरच्या सहाही तपासण्या झाल्या, मजकूर स्वच्छ आहे, शब्दयादी लागली आहे, तरीही पहिल्या तपासणीत बरोबर उतारा वर येत नाही, तर थांबा. अर्थावरून शोध घेणारं मॉडेल मराठीवर पुरेसं शिकलेलं नसण्याची शक्यता आहे. ते बदललं की सगळा साठा नव्याने चढवावा लागतो. हे डेव्हलपरचं काम आहे. त्याला फोन करताना चुकलेले प्रश्न, त्यांचे आलेले उतारे आणि जे यायला हवे होते ते उतारे, असं तीन रकान्यांत लिहून द्या. त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

काही प्रश्न मात्र कितीही चांगल्या बॉटकडून उत्तर द्यायला लावू नका. निर्यातीच्या द्राक्षावर कोणतं औषध चालतं आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, याची यादी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र वेळोवेळी बदलतं. मागच्या हंगामाच्या यादीवरून दिलेल्या उत्तराने पूर्ण कंटेनर अडकू शकतो. तिथे बॉटने चालू यादी आणि संस्थेच्या कृषी अधिकाऱ्याचा नंबर द्यावा, औषधाचं नाव देऊ नये. दोन औषधं एकत्र करायचा प्रश्न आला, पानाचा फोटो पाठवून "हा कोणता रोग" असं विचारलं, किंवा फवारणीनंतर पीक जळलं असं कुणी कळवलं, तर तो प्रश्न माणसाकडे वळवा: कृषी विज्ञान केंद्र, सहायक कृषी अधिकारी, किंवा किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. आणि फवारताना चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी असे शब्द प्रश्नात आले, तर शोध न घेता पहिल्या ओळीत १०८ नंबर आणि "औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा" एवढंच यायला हवं. हे वाक्य बॉटला तयार करायला लावू नका. ते आधीच लिहून पक्कं बसवा, आणि दर महिन्याला स्वतः प्रश्न पाठवून ते येतं का बघा.